आधी आकडा, मग गणित

फोनवर गणिताच्या वर्कशीटचा फोटो आला की बहुतेक जण लगेच गणित सोडवायला घेतात. रात्रीचे नऊ वाजलेले असतात, भाचीला उद्या वही दाखवायची असते, आणि मावशीला स्वयंपाकघर आवरायचे असते. फोटो तिरका असतो, कागदाच्या एका कोपऱ्यावर फोन धरलेल्या हाताची सावली असते, वरच्या ओळी बारीक झालेल्या असतात. तरीही डोळा भराभर वाचत जातो, कुठे अडत नाही. जिथे नीट दिसत नाही तिथे मन स्वतःच एक आकडा भरून मोकळे होते, आणि तो आपण भरला हे आपल्याला कळतही नाही.

शब्द वाचताना ही सवय उपयोगाची असते. ‘पा_स पडतोय’ यातले मधले अक्षर पुसले गेले तरी ते ‘ऊ’ आहे हे शेजारची अक्षरे सांगतात. संख्येत अशी सोय नसते. ‘४_८’ या जागी शून्यापासून नऊपर्यंत कोणताही आकडा बसतो आणि प्रत्येक वेळी तयार होणारी संख्या तितकीच खरी असते. म्हणून गणिताचा फोटो वाचणे हे सोडवण्यापासून वेगळे काम आहे, आणि ते आधी, स्वतंत्रपणे करावे लागते. कोणता आकडा खरोखर दिसतो आहे, कोणता आपण मानतो आहोत आणि कोणता दिसतच नाही, हे ठरल्याशिवाय भागाकाराची रेघ ओढू नये. का, ते एका वर्कशीटवरून पाहू.

तिरक्या फोटोत काय हरवते

समजा, पाचवीतल्या मुलीने टेबलावर कागद ठेवून बसल्या जागेवरून फोटो काढला. कागदाची खालची कड फोनपासून एक वीतभर अंतरावर आहे आणि वरची कड त्याच्या दुप्पट. मग वरच्या कडेजवळचा आकडा फोटोत खालच्या आकड्याच्या निम्म्याच रुंदीचा येतो. एवढ्यावर भागत नाही. कागद नजरेपासून दूर झुकलेला असल्यामुळे वरच्या आकड्यांची उंची रुंदीपेक्षाही जास्त दबते. ते केवळ लहान होत नाहीत, चपटेही होतात.

याचा हिशेब मांडता येतो. ए-फोर कागदाची लांबी २९७ मिलिमीटर. व्हॉट्सअॅपवर साध्या दर्जात पाठवलेला फोटो लहान होतो. समजा त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलची राहिली. कागद सरळ समोरून टिपला असता आणि त्याने पूर्ण चौकट भरली असती, तर एका मिलिमीटरच्या वाट्याला पाचसाडेपाच पिक्सेल आले असते आणि पाच मिलिमीटर उंचीचा हस्ताक्षरातला आकडा २७ पिक्सेल उंच दिसला असता. हस्ताक्षरातले आकडे ओळखण्याच्या संशोधनात ‘एमनिस्ट’ नावाचा एक प्रसिद्ध चित्रसंग्रह वापरतात. त्यात प्रत्येक आकडा २० बाय २० पिक्सेलच्या चौकटीत बसवलेला आहे आणि त्यातले जवळपास सगळे आकडे माणसाला सहज वाचता येतात. म्हणजे २७ पुष्कळ झाले. पण तिरक्या फोटोत वरच्या ओळीतला तोच आकडा १३ पिक्सेलवर किंवा त्याच्याही खाली येतो.

आता देवनागरी दोन आणि तीन डोळ्यांसमोर आणा. दोनला एक पोट आणि खाली शेपूट. तीनला एकावर एक दोन पोटे आणि खाली तसेच शेपूट. दोघांना वेगळे करणारी गोष्ट म्हणजे दोन पोटांच्या मधली ती छोटी खाच, आणि ती उभ्या दिशेत आहे. चपटेपणा नेमका उभ्या दिशेतच येतो. तेरा पिक्सेलच्या आकड्यात त्या खाचेला एक किंवा दोन पिक्सेल मिळतात. फोन फोटो साठवताना जी जेपेग पद्धत वापरतो, ती चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातले बारीक तपशील कमी करते. आपला आकडा अशा दोनच चौकोनांत मावतो. खाच राहिली तर नशीब, आणि गेली तर तीनचा दोन झाला.

फोटो सरळ करणारी अॅप असतात. कागदाचे चार कोपरे दाखवले की ती पान ताणून आयताकृती करतात. मांडणी समजायला याचा फार उपयोग होतो. तिरक्या फोटोत सरळ रेघा सरळच राहतात, पण समांतर रेघा एकमेकींकडे झुकतात. त्यामुळे उभ्या बेरजेत एककाखाली एकक आहे की दशक, हे फोनच्या कडेला समांतर नजर टाकून ठरवले तर चूक होते. पान सरळ केले की हा घोळ मिटतो. (पान दुमडलेले किंवा वहीच्या शिवणीजवळ फुगलेले असेल तर मात्र चार कोपरे पुरत नाहीत, कारण ही पद्धत कागद सपाट आहे असे धरून चालते.) पण तेरा पिक्सेलचा आकडा ताणून सत्तावीसचा केला म्हणून गेलेली खाच परत येत नाही. आकार वाढतो, माहिती आहे तेवढीच राहते.

सावलीत काय उरते

सावलीला आपण जास्त घाबरतो, पण ती बऱ्याचदा कमी नुकसान करते. समजा, उजेडात पांढरा कागद १०० पैकी ८० भाग प्रकाश परत पाठवतो आणि पेन्सिलीची रेघ ४० भाग. सावलीत चौथा हिस्साच प्रकाश पोहोचला, तर कागद २० वर येतो आणि रेघ १० वर. दोन्ही अंधारले, पण कागद अजूनही रेघेच्या दुप्पट उजळ आहे. आकडा तिथेच आहे, फक्त दोघांमधले अंतर ४० वरून १० वर आले आहे. फोनमधल्या फोटो-संपादनात सावल्या उजळण्याची पट्टी असते, ती हळूहळू सरकवली तर हे अंतर डोळ्याला दिसण्याइतके वाढते. रेघ फारच फिकी असेल तर कॅमेऱ्याच्या दाणेदारपणात ती हरवू शकते, पण गडद पेन्सिल आणि झेरॉक्सची शाई सहसा टिकते.

वरच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. उजेडातली पेन्सिल ४० वर आहे आणि सावलीतला कोरा कागद २० वर. म्हणजे सावलीतला कोरा कागद उजेडातल्या अक्षरापेक्षाही काळा आहे! पूर्ण पानासाठी एकच मर्यादा ठरवून ‘याहून गडद ते काळे, याहून उजळ ते पांढरे’ असा नियम लावला, तर सावलीचा सगळा भाग काळा ठिक्कर पडतो किंवा उजेडातली अक्षरे उडतात. नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडलेली अशी मर्यादा आपोआप निवडण्याची पद्धत आजही सर्रास वापरली जाते, पण तीही पूर्ण पानाला एकच मर्यादा देते, त्यामुळे अर्धवट सावलीपुढे तिचे काही चालत नाही. नंतरच्या पद्धती म्हणूनच प्रत्येक ठिपक्याची तुलना त्याच्या आजूबाजूच्या भागाशी करतात. आपणही तेच करावे: सावलीतला आकडा पानाच्या उजळ भागाशी न ताडता त्याच्या लगतच्या कागदाशी ताडावा. आणि सावलीची कड जिथून जाते तिथे विशेष जपावे, कारण ती कड फोटोत एखाद्या रेघेसारखी उमटते. शून्याच्या अंगावरून गेलेली अशी कड त्याला सहा करू शकते.

खरे नुकसान करते ती चकाकी. पेन्सिलीतले ग्रॅफाइट चमकते. फ्लॅश किंवा वरचा दिवा नेमक्या कोनात आला की रेघ कागदाइतकीच उजळ दिसते, आणि दोघांमधला फरक शून्य होतो. अंधारलेल्या आकड्याला उजळता येते, पण चकाकीत विरघळलेला आकडा कोणत्याही पट्टीने परत येत नाही. तिथे वाचण्याचा प्रयत्नच सोडून द्यावा.

आकड्यांच्या जोड्या

संशय कुठे घ्यायचा हे ठाऊक असले की काम सोपे होते, कारण सगळेच आकडे एकमेकांत मिसळत नाहीत. देवनागरीत दोन-तीनची जोडी सर्वांत धोक्याची. तिच्या मागोमाग एक आणि नऊ: दोघांचा सांगाडा सारखा, नऊला फक्त एक वळण जास्त, आणि घाईच्या हस्ताक्षरात ते वळण आखडते. साताचे आतले वळण भरून गेले की तो शून्यासारखा दिसू लागतो.

मराठी माध्यमाच्या आणि सेमी-इंग्रजीच्या मुलांच्या कागदांवर आणखी एक पेच असतो. छापील गणित इंग्रजी अंकांत, तर मुलीचे हस्ताक्षर देवनागरीत, किंवा उलट. देवनागरी चारचे वरचे दोन हात जवळ आले की तो इंग्रजी आठ वाटतो. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांची तर एरवीही गल्लत होते, आणि देवनागरी पाच घाईत इंग्रजी चारसारखा उतरतो. म्हणून एकेक आकडा वाचण्याआधी, कागदावरचा कोणता मजकूर कोणत्या अंकांत आहे हे ठरवून घ्यावे. त्यासाठी असा आकडा शोधावा ज्याच्याबद्दल शंका येऊच शकत नाही. इंग्रजी सात आणि देवनागरी सात यांचे रूप पूर्ण वेगळे आहे. पानावर कुठेही एक सात सापडला की प्रश्न सुटतो.

एक पान, दोन निर्णय

आता प्रत्यक्ष पान घेऊ. बाईंनी हाताने लिहून झेरॉक्स काढलेले वर्कशीट, देवनागरी अंकांत. सर्वांत वर नाव आणि दिनांक. मग भाग अ मध्ये भागाकार, खाली भाग ब मध्ये ‘दशांश अपूर्णांकांचा गुणाकार’. मुलीने काही ठिकाणी पेन्सिलीने सोडवायचा प्रयत्न केला आहे. भाग अ फोटोत वर, म्हणजे दूर, पण स्वच्छ उजेडात. भाग ब खाली, म्हणजे जवळ, पण हाताच्या सावलीत.

पहिले गणित ‘४६८ भागिले बारा’ दिसते. पण शेवटचा आकडा दोन आहे की तीन, याची खात्री वाटत नाही. इथे पटकन सुचणारा उपाय म्हणजे दोन्हींनी भागून बघणे: ज्याने बाकी उरत नाही तो आकडा खरा. करून पाहा. बाराने भागले तर उत्तर ३९, बाकी शून्य. तेराने भागले तर उत्तर ३६, बाकी शून्य. दोन्ही गणिते चोख सुटतात. शाळेच्या कागदावरची गणिते सहसा नीट सुटतात हे खरे, पण म्हणून ‘नीट सुटले’ हा आकडा ओळखण्याचा पुरावा ठरत नाही. तो फार तर इशारा आहे, आणि इथे तर त्याने काहीच सांगितले नाही.

दुसरा मोह म्हणजे मुलीने केलेल्या आकडेमोडीकडे बघणे. ४६ च्या खाली तिने पेन्सिलीने काहीतरी लिहिले आहे: पहिला आकडा तीन, दुसरा फिका. उत्तराच्या जागीही तसेच, तीन आणि पुढे धूसर. आता मौज बघा. भाजक बारा असेल तर ४६ मधून ३६ वजा होतात, उरलेल्या १० शेजारी ८ उतरवून १०८ होतात आणि उत्तर ३९ येते. भाजक तेरा असेल तर ४६ मधून ३९ वजा होतात, ७ शेजारी ८ उतरवून ७८ होतात आणि उत्तर ३६ येते. म्हणजे ३६ आणि ३९ या दोन्ही संख्या दोन्ही वाचनांत हजर आहेत, फक्त जागा बदलून. धूसर पेन्सिलीत त्यातली एखादी ओझरती दिसली म्हणून भाजक ठरवला, तर तो ठरवणारा फोटो नव्हे, आपण.

ती आकडेमोड स्वच्छ दिसली असती तरी तिने फक्त एवढेच सिद्ध केले असते की मुलीने भाजक काय वाचला. तिच्यासमोर खरा कागद होता, त्यामुळे तिचे वाचन विचारात घ्यावे, पण तिनेही चुकीचे उतरवले असू शकते. गणित तपासायला घेतले असेल तर ही गोष्ट आणखीच महत्त्वाची. मुलीचे उत्तर ३६ आहे म्हणून भाजक १३ असणार, असे म्हणणारा माणूस तिची चूक तपासत नाही, ती बरोबर ठरेल असा प्रश्न तयार करतो.

मग पुरावा आणायचा कुठून? त्याच पानावरून. त्याच हाताने लिहिलेले दुसरे दोन आणि तीन शोधायचे, आणि तेही फोटोच्या त्याच पट्ट्यात, कारण खालच्या ओळीतला ठळक दोन आपल्याला हस्ताक्षराची लकब सांगेल, पण वरच्या ओळीत तो कसा दिसतो हे सांगणार नाही. इथे दिनांक कामाला येतो. वर्कशीट २३ तारखेचे आहे असे समजू, म्हणजे दिनांकात दोन आणि तीन शेजारी शेजारी आहेत, तितकेच दूर, तितकेच चपटे. त्या दोघांत फरक दिसतो का? दिसत असेल, तर या पट्ट्यात फोटो दोन आणि तीन वेगळे दाखवू शकतो, आणि आपल्या शंकेच्या आकड्याची तुलना त्यांच्याशी करता येते. आपल्या फोटोत ते दोन्ही एकसारखेच डाग दिसतात. तारीख २३ आहे हे आपल्याला वर्गाच्या वेळापत्रकावरून ठाऊक आहे म्हणून आपण ती २३ वाचली. म्हणजे या पट्ट्यात हा फोटो दोन आणि तीन यांत फरक करूच शकत नाही. निर्णय झाला: भाजकाचा दुसरा आकडा वाचता येत नाही. डोळे ताणण्याची गरज उरली नाही.

आता सावलीतले गणित. ‘२५ गुणिले ४’ की ‘२.५ गुणिले ४’? उत्तर १०० की १०? दशांशचिन्ह म्हणजे फोटोतली सर्वांत दुबळी खूण. झेरॉक्सच्या काचेवरचा धुळीचा कण, कागदातला डाग, पेन्सिलीचे टोक टेकलेली जागा, सगळे ठिपकेच. सावल्या उजळल्यावर दोन आणि पाचच्या मध्ये ठिपका दिसतो. तो आकड्यांच्या तळाशी आहे, मध्यावर किंवा वर नाही. आसपासच्या कोऱ्या जागेत तसे दुसरे ठिपके नाहीत. शिवाय दोन आणि पाच यांच्यामधली फट त्याच ओळीतल्या इतर दोन अंकी संख्यांपेक्षा मोठी आहे; लिहिणाऱ्या हाताने तिथे ठिपक्यासाठी जागा सोडली होती. आणि वर ‘दशांश अपूर्णांकांचा गुणाकार’ असे लिहिलेले आहे. चारही गोष्टी एकाच दिशेने जातात आणि एकीच्या चुकीने दुसरी चुकत नाही. इथे दशांशचिन्ह पक्के धरायला हरकत नाही.

संदर्भाचा आधार घ्यायचाच नाही असे नाही. तो कागदावर लिहिलेला असला पाहिजे. भागाचे शीर्षक हा पुरावा आहे. भागाकाराच्या गणितात ‘एक डझन’ असा उल्लेख असता तर बारा हाही पुरावाच ठरला असता. ‘उत्तर नीट येते’ ही मात्र आपली अपेक्षा आहे, ती कागदावर नाही. आणि निकाल लक्षात घ्या: अंधारातला आकडा वाचता आला आणि लख्ख उजेडातला नाही. फोटो बघून पहिल्या क्षणी जो भाग वाईट वाटतो, तोच वाचता येणार नाही असे नसते.

स्वच्छ दिसणारी चूक

धूसर आकडा निदान आपण धूसर आहोत हे सांगतो. फोटो ‘स्वच्छ’ करणाऱ्या साधनांत जास्त मोठा धोका असतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने एका घराच्या आराखड्याची झेरॉक्स वर्कसेंटर यंत्रावर काढलेली प्रत तपासली. मूळ आराखड्यात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती. प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३ च्या झाल्या होत्या. आकडे कुठेही पुसट नव्हते, ते छापल्यासारखे ठळक होते. यंत्रातली जेबिग-टू ही आकुंचनपद्धत पानावरचे सारखे दिसणारे तुकडे शोधून एकच तुकडा साठवते आणि सगळीकडे तोच वापरते. ‘सारखे’ म्हणताना तिने गफलत केली. इतर कागदांवर सहाचे आठ झालेलेही आढळले. कंपनीला नंतर यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती द्यावी लागली.

घरातल्या फोनवरचे स्कॅन अॅप नेमके असेच करते असे नाही. पण कडा धारदार करताना आणि करडे ठिपके काळे-पांढरे करताना तेही एका संदिग्ध डागाचा ठाम आकडा बनवू शकते. म्हणून मूळ फोटो आणि स्वच्छ केलेला फोटो दोन्ही जवळ ठेवावेत. मांडणी स्वच्छ फोटोत पाहावी, पण शंकेचा आकडा मूळ फोटोत वाचावा. मूळ फोटोत नसलेली खाच किंवा गाठ स्वच्छ फोटोत दिसली, तर ती मोजू नये. आणि झूम करताना हात आखडता ठेवावा. फार मोठे केले की आकडा जाऊन फक्त चौकोन दिसू लागतात. बऱ्याचदा फोन हातभर लांब धरल्यावर आकार जास्त चांगला कळतो.

कागदावर उतरवताना आणि विचारताना

हे सगळे मनात ठेवणे अवघड, म्हणून गणित सोडवण्याआधी ते कागदावर जसेच्या तसे उतरवावे. पक्का आकडा तसाच लिहावा. दोन शक्यता असतील तर दोन्ही एकावर एक लिहाव्यात. दिसतच नसेल तिथे रिकामा चौकोन काढावा. उतरवताना बाकीचे गणित दुसऱ्या कागदाने झाकून एकेक संख्या वाचली तर मनाला पुढचे उत्तर खुणावत नाही. घरात दुसरे कोणी असेल तर त्याला आपले वाचन न सांगता शंकेचा आकडा विचारावा. आपले ऐकून मग बघणारा माणूस आपलेच बघतो.

पूर्ण उतरवून झाले की चौकोन आणि जोड्या असलेली गणिते कोणती, ते पाहावे. कधी संशयाचा आकडा उत्तराला फरकच पाडत नाही: संख्या सम की विषम एवढेच ठरवायचे असेल आणि धूसर आकडा दशकाचा असेल, तर पुढे जावे. फरक पडत असेल तर विचारावे, आणि कसे विचारायचे याचाही विचार करावा.

“पहिल्या गणितात बारा आहे ना?” असे विचारले की पलीकडून “हो मावशी” असे येते. मुलीने कागद बघितला की नुसताच होकार दिला, हे कळत नाही. त्याऐवजी, “पहिल्या गणितात भागिलेच्या पुढची संख्या मला वाचून दाखव. एकेक आकडा वेगळा सांग,” असे म्हणावे. आता तिला कागदाकडे बघावेच लागते. “एक, तीन,” असे उत्तर आले तर ते तिचे स्वतःचे वाचन आहे. एकेक आकडा मागण्याचे कारणही साधे आहे: फोनवर एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेसष्ट आणि त्रेचाळीस यांत कान सहज फसतो.

नुसते ऐकून भागत नसेल तर दुसरा फोटो मागावा, पण पूर्ण पानाचा नको. एकाच गणिताचा, फोन कागदाच्या बरोबर वर आडवा धरून, फ्लॅश बंद ठेवून आणि दिवा बाजूला येईल अशा बेताने. गणिताने चौकट भरली की एका आकड्याला शंभराहून जास्त पिक्सेल मिळतात, आणि मग दोन-तीनमधली खाच लपत नाही. पूर्ण पानच हवे असेल तर ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे, म्हणजे ते वाटेत लहान होत नाही.

आणि उत्तर कळवताना वाचनही सोबत लिहावे: ‘४६८ भागिले १३ असे वाचले, उत्तर ३६.’ मग वर्गात उत्तर जुळले नाही तर चूक वाचनातली की भागाकारातली, हे त्या एका ओळीवरून कळते. वाचनातली असेल तर एक आकडा बदलायचा असतो. नाहीतर ज्या मुलीला भागाकार उत्तम येतो, तिलाच तो पुन्हा पहिल्यापासून शिकवला जातो.